बिल १४,२०० चं, ॲपवर २९,६४०: क्रेडिट कार्डाचे ‘अनबिल्ड’ व्यवहार कुठून येतात आणि बिलात का नसतात

दिवाळीच्या आसपास सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. क्रेडिट कार्डाचं बिल एक आकडा सांगतं, बँकेचं ॲप दुसराच दाखवतं, आणि कालपरवा केलेली मोठी खरेदी बिलात कुठेच नसते. कुणी म्हणतं बँकेची चूक आहे, कुणी म्हणतं ॲपवरचा मोठा आकडा भरून मोकळे व्हा, तर कुणाला वाटतं की दुकानदाराला पैसे मिळालेच नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक कुणाचीच नसते. दोन्ही आकडे बरोबर असतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

आकडे हातात असले की हे लवकर कळतं, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यात नौपाड्यात राहणाऱ्या एका शिक्षिकेकडे १ लाख रुपये मर्यादेचं क्रेडिट कार्ड आहे. त्यांचं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला तयार होतं आणि ते भरायला २० दिवस मिळतात. १२ ऑक्टोबरचं बिल १४,२०० रुपयांचं आलं, शेवटची तारीख १ नोव्हेंबर. १८ ऑक्टोबरला बाईंनी ॲप उघडलं तर ‘एकूण थकबाकी’समोर २९,६४० रुपये. आणि ११ ऑक्टोबरला संध्याकाळी गोखले रोडवरून घेतलेला ८,९०० रुपयांचा मिक्सर बिलात नाहीच. बिल बनायच्या आदल्या दिवशीची ही खरेदी, एसएमएससुद्धा आलेला. मग ती गेली कुठे?

## बिल म्हणजे मीटरचं रीडिंग

महावितरणचं वीजबिल काढून पाहा. त्यावर मागील रीडिंग असतं, चालू रीडिंग असतं, आणि त्या दोघांमधल्या फरकाचे पैसे लागतात. रीडिंग घेणारा माणूस मीटरचा फोटो काढून गेला त्या रात्रीही घरात पंखा चालू असतो, फ्रिज चालू असतो, मीटर फिरतच राहतं. ती वीज आपण वापरलेली असते आणि तिचे पैसेही आपल्यालाच द्यायचे असतात. पण हातात आलेल्या बिलात ती नसते, पुढच्या बिलात येते.

कार्डाचं स्टेटमेंट तसंच असतं. बँक महिन्यातला एक दिवस ठरवते आणि त्या दिवशी खात्याचं रीडिंग घेते. त्या दिवसापर्यंत खात्यात नोंदलेले व्यवहार बिलात जातात, आणि त्यांच्या बेरजेला ‘टोटल अमाउंट ड्यू’ म्हणतात. म्हणजे या बिलापोटी द्यायची पूर्ण रक्कम. रीडिंगनंतर नोंदले गेलेले व्यवहार म्हणजे ‘अनबिल्ड’, अजून कुठल्याही बिलात न आलेले. ते माफ झालेले नसतात की हरवलेलेही नसतात. पुढच्या रीडिंगची वाट पाहत असतात, एवढंच.

एकदा बनलेलं स्टेटमेंट बदलत नाही. १२ तारखेला बाईंच्या ईमेलवर आलेल्या पीडीएफमध्ये १४,२०० हाच आकडा कायम राहणार, मग नंतर त्यांनी कितीही खरेदी केली किंवा कितीही पैसे भरले तरी. ॲपवरची थकबाकी मात्र जिवंत असते. ती रोज, कधी कधी दिवसातून अनेकदा बदलते. थांबलेला आकडा आणि हलता आकडा जुळला पाहिजे ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

## पण मिक्सर तर ११ तारखेचा होता!

मीटरच्या उदाहरणाने १५ ऑक्टोबरची खरेदी बिलात का नाही हे समजतं, पण ११ तारखेची का नाही हे समजत नाही. त्यासाठी कार्ड मशीनला लावल्यावर काय घडतं ते बघायला हवं. खरा घोळ इथेच होतो.

कार्ड लावून पिन टाकला की दुकानातल्या मशीनकडून एक विचारणा निघते. ती दुकानदाराच्या बँकेकडून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून बाईंच्या बँकेपर्यंत जाते. प्रश्न एवढाच असतो: या कार्डावर ८,९०० रुपयांना जागा आहे का? बँक मर्यादा तपासते, ‘हो’ म्हणते आणि तेवढी रक्कम राखून ठेवते. हे सगळं काही सेकंदांत होतं, मशीनमधून पावती निघते आणि बाईंच्या फोनवर एसएमएस येतो. याला ऑथरायझेशन म्हणतात, म्हणजे मंजुरी. या क्षणी पैसे हललेले नसतात आणि बाईंच्या खात्यात पक्की नोंदही झालेली नसते. ॲपमध्ये हा व्यवहार दिसलाच तर ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ अशा शब्दाखाली दिसतो.

दुसरा टप्पा दुकान बंद होताना येतो. गल्ल्यावरचा माणूस मशीनवर ‘सेटलमेंट’चा पर्याय दाबतो, एक लांब पट्टी छापून बाहेर येते आणि दिवसभराचे सगळे कार्ड-व्यवहार एका गठ्ठ्याने त्याच्या बँकेकडे जातात. काही मशीनना हे आपोआप करायला लावलेलं असतं, काहींवर हाताने करावं लागतं. दिवाळीच्या गर्दीत शटर ओढता ओढता ते राहून गेलं, की गठ्ठा दुसऱ्या दिवशी निघतो. मग दुकानदाराची बँक तो जाळ्याकडे पाठवते आणि जाळं बाईंच्या बँकेकडे पक्की मागणी पाठवतं. बाईंची बँक ती नोंद खात्यात टाकते त्याला ‘पोस्टिंग’ म्हणतात. बिलासाठी मोजला जातो तो हा टप्पा. मंजुरी आणि पोस्टिंग यांच्यात एक ते तीन दिवस जाणं अगदी नेहमीचं आहे, आणि मध्ये सुट्ट्या आल्या तर आणखीही लागू शकतात.

किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीशी याची तुलना करता येईल. वाण्याने सामान देताना चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि चिठ्ठी खिळ्याला टोचून ठेवली, ती मंजुरी. रात्री बसून चिठ्ठ्या वहीत उतरवल्या, ते पोस्टिंग. महिन्याचा हिशेब वहीतून होतो, खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांतून होत नाही.

बाईंच्या बाबतीत ११ तारखेच्या रात्री सेटलमेंट राहिलं. ते १२ च्या रात्री झालं आणि मिक्सर खात्यात नोंदला गेला १४ ऑक्टोबरला. बिलाचं रीडिंग १२ तारखेला होऊन गेलेलं, म्हणून मिक्सर पुढच्या बिलात. स्वतः १२ तारखेला ऑनलाइन मागवलेला ३,६०० रुपयांचा कुकरही असाच १३ तारखेला नोंदला गेला आणि सुटला.

हे स्वतः तपासता येतं. बऱ्याच ॲपमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की तपशील उघडतो आणि तिथे खरेदीची तारीख व पोस्टिंगची तारीख अशा दोन तारखा मिळतात. बिलात मात्र अनेक बँका फक्त खरेदीचीच तारीख छापतात. त्यामुळे नोव्हेंबरच्या बिलात मिक्सरसमोर ‘११ ऑक्टोबर’ दिसेल, आणि १३ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या हिशेबात ११ ची नोंद कशी काय, असा नवा प्रश्न पडेल. उत्तर तेच आहे: खरेदी ११ ची, वहीत उतरली १४ ला.

## ॲपवरचे आकडे जुळवून बघू

१८ ऑक्टोबरला बाईंच्या ॲपवर तीन गोष्टी दिसत होत्या: बिल १४,२०० रुपये, एकूण थकबाकी २९,६४० रुपये आणि शिल्लक मर्यादा ६८,३६० रुपये.

बिलातले १४,२०० म्हणजे १६ सप्टेंबरचं २,३५० रुपयांचं वीजबिल, २४ सप्टेंबरचा जांभळी नाक्यावरचा ४,१८० रुपयांचा किराणा, ३ ऑक्टोबरची १,२७० रुपयांची औषधं आणि ८ ऑक्टोबरचे ६,४०० रुपयांचे कपडे. बिलानंतर नोंदले गेले ते मिक्सरचे ८,९००, कुकरचे ३,६०० आणि १५ तारखेला काढलेल्या रत्नागिरीच्या तिकिटांचे २,९४०. हे झाले १५,४४० रुपये, म्हणजे अनबिल्ड. १४,२०० आणि १५,४४० मिळून २९,६४०. इथपर्यंत हिशेब चोख बसतो.

आता १ लाखातून २९,६४० वजा केले तर ७०,३६० उरायला हवेत, पण ॲप ६८,३६० दाखवतं. हे २,००० कुठे गेले? त्याच दिवशी सकाळी घोडबंदर रोडवरच्या पंपावर बाईंनी २,००० रुपयांचं पेट्रोल भरलं होतं. त्याची मंजुरी झाली, नोंद व्हायची होती. चिठ्ठी खिळ्यावर होती. राखून ठेवलेली रक्कम मर्यादेतून लगेच वजा होते, थकबाकीत मात्र नोंद झाल्यावरच येते. काही बँका पेंडिंग रक्कमही ‘अनबिल्ड’च्याच यादीत दाखवतात. तिथे हा फरक वरवर दिसणार नाही, पण आतली मांडणी हीच असते.

मोठ्या खरेदीच्या वेळी हा हिशेब उपयोगी पडतो. बिल १४,२०० चं आहे म्हणजे ८५,८०० शिल्लक असणार असं धरून कुणी ७२,००० चा टीव्ही घ्यायला गेलं, तर कार्ड नाकारलं जाईल. दुकानात उभं राहून बँकेच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा निघण्याआधी शिल्लक मर्यादेचा आकडा पाहून जावं. त्या प्रश्नापुरता तोच आकडा विश्वासाचा.

## मग १ नोव्हेंबरपर्यंत भरायचे किती?

१४,२०० रुपये. एक रुपया कमी नको, आणि जास्त भरायची गरज नाही.

बिलावर छापलेली पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेपर्यंत बँकेकडे पोचली की त्या बिलापुरतं तुमचं कर्तव्य संपलं. अनबिल्ड १५,४४० वर त्यामुळे व्याज लागत नाही, दंड लागत नाही आणि ते थकीतही धरले जात नाहीत. त्यांची मुदत अजून सुरूच व्हायची आहे. ते १२ नोव्हेंबरच्या बिलात येतील आणि २ डिसेंबरपर्यंत भरायचे असतील.

इथे एक चांगली शंका निघते: उशिरा नोंद झाली म्हणजे बँक मिक्सरवर मधल्या दिवसांचं व्याज लावणार नाही का? नाही लावणार. उलट उशिरा नोंद झाल्याने बाईंचा फायदा झाला. मिक्सर १२ ऑक्टोबरपर्यंत नोंदला गेला असता तर पैसे १ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे २१ दिवसांत द्यावे लागले असते. १४ ला नोंद झाल्यामुळे २ डिसेंबरपर्यंत, म्हणजे ५२ दिवस मिळाले. जाहिरातीत ‘५० दिवसांपर्यंत बिनव्याजी’ असं लिहिलेलं असतं ते याच हिशेबातून येतं. बिलाच्या दुसऱ्याच दिवशीची खरेदी सर्वात लांब मुदत घेते, बिलाच्या दिवशी नोंदलेली सर्वात आखूड.

काहींना अनबिल्ड रक्कम डोळ्यासमोर नकोच असते, ते सगळे २९,६४० एकदम भरून टाकतात. त्यात चूक काही नाही. बँक आधी बिलातली रक्कम वळती करते, उरलेली अनबिल्ड व्यवहारांपोटी जमा धरते आणि पुढचं बिल तेवढं कमी येतं. मर्यादा भरत आली असेल आणि अजून खरेदी बाकी असेल तर असं आधी भरणं सोयीचंही असतं. पण व्याज वाचतं म्हणून कुणी हे करत असेल तर तसं काही वाचत नाही. तेच १५,४४० रुपये दीड महिना बचत खात्यात राहिले असते.

अनबिल्डचा आकडा पाहून घाबरणारे लोक आणखी एका जागी अडखळतात. समजा, बाईंनी २० ऑक्टोबरला १४,२०० भरले. दुसऱ्या दिवशी ॲप १७,४६३.६० रुपये थकबाकी दाखवतं. ‘कालच तर सगळं भरलं!’ भरलं ते बिल. हे उरलेत ते अनबिल्ड १५,४४० आणि आता नोंद झालेलं पेट्रोल. पेट्रोल २,००० चं असून २,०२३.६० कसं झालं, ते पुढे येतंच.

पैसे दुसऱ्या बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपवरून भरत असाल तर तिथे ‘बिल आणा’ केल्यावर साधारणपणे शेवटच्या स्टेटमेंटचाच आकडा येतो, अनबिल्ड येत नाही. आणि काही रक्कम आधी भरून झालेली असली तरी तिथे कधी कधी जुनाच पूर्ण आकडा दिसत राहतो. अशा वेळी किती उरलं ते कार्डाच्या बँकेच्या ॲपवर बघावं. पैसे जमा व्हायला एखादा दिवस लागू शकतो, म्हणून शेवटच्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी भरलेले बरे. बचत खात्यातून आपोआप पैसे वळते व्हायची सोय लावली असेल तर तीही बिलातला आकडाच उचलते. फक्त ती ‘टोटल’साठी लावली आहे की ‘मिनिमम’साठी, हे एकदा उघडून बघा. फॉर्म भरताना ‘मिनिमम’वर खूण राहून गेलेली असली तर ते महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, आणि पुढचा भाग नेमका त्याबद्दलच आहे.

## बिल पूर्ण नाही भरलं, तर अनबिल्डचं संरक्षण जातं

अनबिल्ड व्यवहारांवर व्याज नाही, हे एका अटीवर खरं आहे: मागचं बिल पूर्ण भरलेलं हवं. ती अट मोडली की बिनव्याजी मुदत फक्त उरलेल्या रकमेवरची जात नाही, नव्या खरेदीवरचीही जाते.

समजा, बाईंनी १ नोव्हेंबरला किमान रक्कम भरली, म्हणजे १४,२०० च्या ५ टक्के, ७१० रुपये. कार्ड चालू राहिलं, उशिराचा दंड लागला नाही. पण कार्डाच्या अटींनुसार व्याज आता प्रत्येक खरेदीवर तिच्या तारखेपासून मोजलं जाईल. दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, असा दर धरू. भारतात क्रेडिट कार्डांचे दर याच्या आसपास असतात. मिक्सरचे ८,९०० रुपये ११ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, म्हणजे ३२ दिवस. त्याचं व्याज सुमारे ३२८ रुपये. कुकर आणि तिकिटं धरली तर १८ तारखेला अनबिल्ड असलेल्या तीन खरेद्यांवर मिळून सुमारे ५५१ रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. ज्या खरेद्यांचं बिलसुद्धा आलेलं नव्हतं त्यांच्यावरचं हे व्याज आहे. बिलातल्या जुन्या चार खरेद्यांवरचं वेगळं, ते जवळपास ७०० रुपयांपर्यंत जातं.

बिल पूर्ण भरता येणार नसेल तर त्या महिन्यात त्या कार्डावर नवी खरेदी न करणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. दुसरं कार्ड, यूपीआय, रोख, काहीही चालेल. कारण नवी खरेदी दुकानातून बाहेर पडल्या क्षणापासून व्याजावर असते, आणि ॲपमध्ये ‘अनबिल्ड’ हा निरुपद्रवी शब्द दिसत असल्याने ते लक्षात येत नाही.

शेवटच्या तारखेला एखादा दिवस चुकला तर? रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्यावरच उशिराचा दंड लावता येतो आणि क्रेडिट ब्युरोला थकीत म्हणून कळवता येतं. हा श्वास घ्यायला दिलेला अवकाश आहे. व्याजाला मात्र तो लागू आहे असं समजू नये.

## रक्कम बदलते, किंवा वस्तूच परत केली

मंजुरीचा आकडा आणि नोंदीचा आकडा दरवेळी सारखा नसतो. पेट्रोल हे रोजचं उदाहरण. पंपावर २,००० ची मंजुरी होते आणि नोंद होताना १ टक्का इंधन अधिभार, म्हणजे २० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ३.६० रुपये, चढतो. एकूण २,०२३.६०. अनेक कार्डांवर हा अधिभार माफ असतो, पण माफी वेगळ्या ओळीने उशिरा जमा होते आणि बहुधा २० रुपयांचीच, जीएसटीची नाही. त्यामुळे अनबिल्ड यादीत २३.६० जास्त दिसले म्हणून लगेच तक्रार करू नका, बिल येईपर्यंत थांबा. परदेशी संकेतस्थळावर डॉलरमध्ये खरेदी केली तरी असाच फरक पडतो, कारण अंतिम दर आणि बँकेचं शुल्क नोंदीच्या वेळी ठरतं. हॉटेलात खोली घेताना तर बिलापेक्षा मोठी रक्कम राखून ठेवतात आणि खोली सोडल्यावर खरी रक्कम नोंदवतात. राखलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात आणि तोवर मर्यादा अडकलेली राहते.

आता मिक्सर परत केला असं धरू. २४ ऑक्टोबरला ८,९०० चा परतावा जमा झाला. बाईंनी १ नोव्हेंबरला १४,२०० मधून ८,९०० वजा करून ५,३०० भरावेत का? भरू नयेत. मिक्सर १४,२०० मध्ये कधी नव्हताच. खरेदी आणि परतावा दोन्ही १२ नोव्हेंबरच्या बिलात येतील आणि तिथे एकमेकांना कापतील. परत केलेली वस्तू बिलात आलेली असेल, उदाहरणार्थ ८ तारखेचे कपडे, तर गोष्ट वेगळी. बिलाचे पैसे अजून भरलेले नसताना मुदतीआधी आलेला परतावा देय रकमेतून लगेच वजा करावा आणि तसं ग्राहकाला कळवावं, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. बँकेकडून कमी झालेली रक्कम लेखी किंवा ॲपवर दिसली तर तेवढीच भरा. तसं काही आलं नसेल तर छापलेली पूर्ण रक्कम भरणं सुरक्षित. जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते होतात, पण कमी भरल्याने गेलेली बिनव्याजी मुदत परत मागायला बरेच फोन करावे लागतात.

## ‘बिल आलं की तपासू’ हे महाग पडू शकतं

अनबिल्डची यादी आठवड्यातून एकदा उघडून बघा, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. आपण न केलेला व्यवहार पहिल्यांदा तिथेच दिसतो, बिलात तो येईपर्यंत महिना उलटलेला असू शकतो.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात तक्रारीचे दिवस मोजायला सुरुवात होते ती बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून, बिल मिळाल्यापासून नाही. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणीतरी केलेला गैरव्यवहार असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. १४ ऑक्टोबरला एसएमएस आलेला असताना १२ नोव्हेंबरचं बिल बघून फोन करणं म्हणजे ही सगळी मुदत घालवणं.

अनोळखी व्यवहार ‘पेंडिंग’ असेल तर कॉल सेंटरवर कधी कधी उत्तर मिळतं की नोंद झाल्यावर तक्रार करा. रक्कम परत मागायची औपचारिक प्रक्रिया बहुतेकदा नोंदीनंतरच सुरू होते, त्यामुळे ते अर्धं खरं आहे. पण कार्ड ब्लॉक करायला आणि तक्रार क्रमांक घ्यायला नोंदीची वाट बघावी लागत नाही. दोन्ही त्याच फोनवर करून घ्या, आणि फसवणूक असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावरही कळवा.

## कार्ड बंद करताना

बिल भरलं, पीडीएफमध्ये बाकी काही नाही, म्हणून कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि कार्ड कापून टाकलं. चार दिवसांनी खिळ्यावरची एखादी चिठ्ठी वहीत उतरते, पेट्रोलचे २,०२३.६० किंवा एखाद्या ॲपचं दरमहा आपोआप कापलं जाणारं वर्गणीचं शुल्क. ॲप काढून टाकलेलं, ईमेल कुणी बघत नाही, आणि ती रक्कम थकत जाते.

सगळी देणी चुकती असतील तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. पण ‘सगळी देणी’ यात अनबिल्डही येतं. कार्डावर हप्ते चालू असतील तर न आलेल्या हप्त्यांची मुद्दलही येते. ती बिलात दिसत नाही, मर्यादेतून मात्र अडवलेली असते. म्हणून आधी कार्डावरची आपोआप कापली जाणारी शुल्कं बंद करावीत, मग आठ-दहा दिवस कार्ड वापरू नये. पेंडिंग यादी रिकामी झाली आणि शिल्लक मर्यादा पूर्ण मर्यादेइतकी दिसली, बाईंच्या कार्डावर बरोबर १,००,०००, की अर्ज द्यावा. बंद झाल्याचं लेखी उत्तर आणि ‘नो ड्यूज’चं पत्र हातात येईपर्यंत ॲप फोनवर राहू द्यावं.